लवेइतकाच पातळ थर

खिडकीतून कडेने ऊन येत असेल आणि समोरची व्यक्ती उजेडाला आडवी बसली असेल, तर तिच्या गालाच्या कडेला एक फिकट सोनेरी रेघ दिसते. ही रेघ त्वचेची नसते, लवेची असते. नेदरलँड्समधल्या यान कोंडेरिंक आणि सिल्विया पॉन्ट या दोन संशोधकांनी 2003 साली याचं गणित मांडलं होतं. गालावरचा प्रत्येक बारीक केस आपल्यापुरता थोडासा उजेड विखुरतो. समोरून पाहताना हे केस विरळ भासतात आणि त्यांचा उजेड जाणवत नाही. कडेला मात्र नजर तिरकी जाते, एकामागे एक असे कितीतरी केस एका रेषेत येतात आणि कड उजळते. मखमलीच्या घडीची कड चमकते ती याच कारणाने. तान्ह्या बाळाच्या गालाचा मऊपणा हात न लावता डोळ्यांना कळतो, त्यात या लवेचा मोठा वाटा आहे.

आणि हीच लव काढून टाकायला हल्ली घरोघरी छोटे फेशियल रेझर आले आहेत, पार्लरमध्ये डर्माप्लेनिंग आलं आहे. त्याबरोबर एक जुनी भीतीही आली: "वस्तरा लावलास तर केस राठ येतील, दाढी उगवेल!" आईची, मावशीची, शेजारच्या काकूंची, सगळ्यांची भीती हीच. मला मात्र वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतो. पातं एका फटक्यात दोन गोष्टी कापतं. त्यातल्या एकीला आपण कापले गेलो याचा पत्ताही लागत नाही. दुसरीला तो लगेच लागतो, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी पहिली, म्हणजे लव. तिचा केस साधारण दोन मिलिमीटरपेक्षा आखूड आणि 0.03 मिलिमीटरपेक्षा बारीक असतो, आणि त्यात रंगद्रव्य जवळपास नसतंच. त्वचेबाहेर दिसणारा भाग पूर्ण मृत असतो. केस किती जाड यावा, किती भराभर वाढावा, किती काळा व्हावा हे सगळं खाली त्वचेत, केसाच्या मुळाशी असलेल्या जिवंत पेशी ठरवतात. त्यांना हुकूम देतात ती हार्मोन्स आणि आनुवंशिकता. वरून मृत टोक छाटलं गेलं ही बातमी खाली पोचवणारी वाटच शरीरात नाही. 1928 साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून दाखवलं की वस्तऱ्याने वाढीचा वेग किंवा जाडी बदलत नाही. 1970 साली आणखी दोन संशोधकांनी पाच तरुणांचा एकच पाय कित्येक महिने दर आठवड्याला भादरला आणि दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांच्या केसांत फरक सापडला नाही.

मग खुंट बोचतात ते खोटं का? नाही, बोचणं खरंच आहे. न कापलेला केस टोकाकडे निमुळता होत जातो. पात्याने तो आडवा कापला की टोक बोथट होतं आणि बोटाला टोचतं. जाडी तीच, टोक वेगळं. लवेच्या बाबतीत केस मुळातच इतका नाजूक असतो की हेही फारसं जाणवत नाही.

आता दुसरी गोष्ट. डर्माप्लेनिंगनंतर पात्यावर पांढरट भुकटी जमते. पार्लरमध्ये ती कौतुकाने दाखवतात. तिच्यात लव असतेच, पण बराचसा भाग त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचा असतो. हा थर म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामध्ये भरलेली स्निग्ध द्रव्यं: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. चेहऱ्यावर त्याची सगळी जाडी 0.01 ते 0.02 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे लवेइतकीच, कधी तिच्याहूनही कमी! शरीरातलं पाणी आत आणि बाहेरचं जग बाहेर ठेवण्याचं काम एवढासा थर करतो, आणि त्याच्यावरून आपण पोलादी पातं फिरवतो.

पेशी मृत आहेत म्हणून हा थर खरवडला तर काही बिघडत नाही, असं समजू नये. वरचे काही पदर निघाले की त्वचेतून पाण्याची वाफ जास्त वेगाने बाहेर पडू लागते, आणि खालच्या जिवंत पेशींना ही गळती कळते. त्यांच्यात स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आधीपासून तयार असतात. गळती सुरू झाल्यापासून काही मिनिटांत त्या पेशीच्या कडेला येऊन रित्या होतात आणि दुरुस्ती सुरू होते. तरुण, निरोगी त्वचेत मोठं नुकसानही तीनेक दिवसांत भरून निघतं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक काम पहिल्या अर्ध्या दिवसात होतं. वय वाढलं की हा वेग मंदावतो.

यातला एक बारकावा मला फार सुंदर वाटतो. प्रयोगशाळेत असा खरवडलेला भाग वाफ अजिबात न सोडणाऱ्या प्लास्टिकने झाकला तर दुरुस्ती अडते. गळती थांबली, म्हणजे संकट टळलं, असा पेशींचा समज होतो. मग व्हॅसलीन लावावं की नाही? खुशाल लावावं. पेट्रोलियम जेली प्लास्टिकसारखी नुसती वर बसत नाही, ती त्या थराच्या फटींत शिरते आणि खालची दुरुस्ती चालू राहू देते.

लोक ज्याला ग्लो म्हणतात तोही इथूनच येतो. सुटत आलेल्या पेशींच्या खडबडीत कडा आणि लव दोन्ही निघाल्यावर पृष्ठभाग सपाट होतो, उजेड एकसारखा परततो आणि फाउंडेशन केसांना चिकटून बसत नाही. सीरम "आत मुरतं" असं म्हणतात तेही काही अंशी खरं आहे. पण उघडलेली वाट चांगल्या-वाईटात निवड करत नाही. सिरॅमाइडचं साधं क्रीम जसं सहज आत जातं तसंच ग्लायकोलिक आम्ल, रेटिनॉल, आम्लधर्मी व्हिटॅमिन सी आणि क्रीममधला सुवासही जातो. एरवी बिनतक्रार चालणारी बाटली त्या दिवशी झोंबते ती यामुळे.

एक उदाहरण घेऊन बघू. नाशिकची सत्तावीस वर्षांची मुलगी. रविवारी लग्न, शनिवारी हळद. मुरमांसाठी ती रात्री अ‍ॅडापलीन लावते, सकाळी व्हिटॅमिन सी. मैत्रीण सांगते, शुक्रवारी रात्री डर्माप्लेनिंग कर, ताजा चेहरा दिसेल. ही सगळ्यांत वाईट वेळ! दुसऱ्याच दिवशी हळद चोळली जाणार. तिच्यात दही किंवा लिंबू असलं तर अर्धवट सावरलेल्या त्वचेची आग होणार.

तिने हे मंगळवारी संध्याकाळी करावं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच करत असेल तर महिनाभर आधी एकदा करून पाहिलेलं बरं. अ‍ॅडापलीन आधीच्या शुक्रवारपासून बंद. मंगळवारी सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, कारण भिजलेला वरचा थर फुगून मऊ होतो आणि पात्याखाली सहज येतो. पार्लरमध्ये शस्त्रक्रियेचं दहा नंबरचं उघडं पातं वापरतात. ते सरावलेल्या हातातच असावं. घरी बारीक संरक्षक जाळी असलेला फेशियल रेझरच घ्यावा, पायांसाठीचा तीन पात्यांचा नको. एका हाताने कानाजवळची त्वचा ताणायची, पातं त्वचेशी साधारण पंचेचाळीस अंशांत धरायचं आणि लव ज्या दिशेला झुकली आहे त्याच दिशेने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे हलके फटके द्यायचे. दाब जवळपास नाहीच. एका जागेवरून एकदा, फार तर दोनदा. लव उरली तर उरू द्यावी, कारण तिसऱ्या फटक्यात निघते ती बहुतेक त्वचाच. पापण्या आणि नाकाच्या कडा सोडायच्या. पिकलेल्या मुरमाभोवतीची जागाही सोडायची, नाहीतर पातं तिथले जंतू गालभर नेतं. ओठावर तापाचा फोड आला असेल तर त्या आठवड्यात पातं हातातच घेऊ नये.

त्यानंतर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, बस्स. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ तीस किंवा जास्त. व्हिटॅमिन सी, स्क्रब, फेशियल, ब्लीच हे काहीही किमान तीन दिवस नाही. अ‍ॅडापलीन लग्नानंतरच.

काही बिघडलं का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. फिकट लाली काही तासांत उतरली तर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी साधं पाणी किंवा नेहमीचं मॉइश्चरायझर झोंबत असेल, तर पातं गरजेपेक्षा खोल गेलं आहे आणि थर अजून सावरलेला नाही. तेव्हा व्हॅसलीन आणि संयम, याखेरीज काहीच लावू नये. दोन-तीन दिवसांनी केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या आल्या तर संशय पात्यावर घ्यावा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला आणखी एक धोका असतो. लाली ओसरल्यावर काही आठवड्यांनी तिथेच तपकिरी डाग उमटतो आणि महिनोन्महिने जात नाही. चरचरणाऱ्या चेहऱ्याने उन्हात फिरू नये ते यासाठी.

पात्याबद्दलही सांगायला हवं. पोलादाच्या मानाने केस पन्नासपट मऊ, तरी पातं बोथट होतंच. 2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचे केस कापून याचं कारण शोधलं. केस कापताना वाकतो, पात्याच्या धारेवर तिरका जोर येतो आणि जिथे पोलादाची रचना एकसारखी नाही तिथे सूक्ष्म टवका उडतो. टवके उडालेलं पातं केस नीट कापत नाही, ओढतं, आणि त्वचा ओरबाडतं. लव मऊ असल्याने पातं थोडं जास्त टिकेल, पण दोन-तीन वापरांनंतर ते टाकावं, आणि कुणाशीही वाटून घेऊ नये.

हे सगळं झालं लवेबद्दल. हनुवटीवर किंवा ओठावर काळे, जाड, वळणारे केस येत असतील तर गोष्ट निराळी. तेही वस्तऱ्याने वाढत नाहीत, पण कापलेलं टोक वळून त्वचेत शिरतं आणि गाठीसारख्या पुळ्या येतात. असे केस नव्याने वाढू लागले असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएसची तपासणी आधी करावी. अशा जाड केसांवर लेझर उपयोगी पडतो. लवेवर मात्र नाही, कारण लेझरला पकडायला रंगद्रव्य लागतं आणि लवेत ते नसतं. उलट, चेहऱ्याच्या आणि मानेच्या बारीक केसांवर लेझर मारल्याने काही जणींना, विशेषतः दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांना, तिथे आधीपेक्षा जाड आणि काळे केस आल्याचं त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलं आहे. वस्तऱ्याने होईल म्हणून आपण ज्याला भ्यायलो, ते खरोखर घडतं ते या प्रकाशाने. म्हणून गालाच्या लवेसाठी कुणी लेझरची सहा बैठकींची योजना पुढे केली, तर सही करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला गाल दाखवून घ्यावा.