चौकटीचा पाय

कोकणातल्या चिऱ्याच्या घरात चौकट खराब होते ती बहुधा खालून. वरची आडवी पट्टी ठणठणीत असते, बिजागऱ्यांजवळचं लाकूडही शाबूत असतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर मात्र स्क्रूड्रायव्हर टोचला की तो सरळ आत जातो. कारण साधं आहे. लाकडातल्या नळ्या उभ्या दिशेने जातात, त्यामुळे पाणी बाजूने जितकं मुरतं त्याच्या कितीतरी पट कापलेल्या टोकातून वर चढतं. चौकटीचं असं टोक नेमकं फरशीत गाडलेलं असतं. रोजची पुसलेली लादी, पावसाळ्यातली ओल आणि जमिनीतून वर येणारी वाळवी या सगळ्यांची गाठ तिथेच पडते.

म्हणून लाकूड निवडताना पायापासून विचार करावा. सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद मुख्य दारासाठी पाच बाय तीन इंचांची चौकट घेतली, तर दोन पाय आणि वरची पट्टी मिळून सुमारे अठरा फूट लाकूड लागतं. म्हणजे जवळजवळ दोन घनफूट. उंबरठा लाकडी हवा असेल तर त्यात आणखी थोडी भर.

एवढ्यासाठी सागवान परवडत असेल तर प्रश्न नाही, असं लोक मानतात. ते अर्धंच खरं आहे. वाळवीला नकोसा असतो तो सागाचा सोनेरी-तपकिरी गाभा. टेक्टोक्विनोनसारखी नैसर्गिक रसायनं त्यात असतात. सालीलगतचा फिकट पांढरट भाग वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखा खाते. कोवळ्या, बारीक बुंध्याच्या झाडात हा भाग जास्त निघतो, आणि वखारीत तेल किंवा रंग फिरवला की तो दिसेनासा होतो. तेव्हा तुकड्याचं टोक ताजं कापून पाहावं, एका कडेवर रंधा मारून घ्यावा. थोडा पांढरा भाग आलाच, तर तो तुकडा वरच्या आडव्या पट्टीला वापरावा. पायांना निव्वळ गाभ्याचाच. पक्क्या फणसाचा पिवळा गाभाही चौकटीला चांगला, आणि कोकणात तो पूर्वापार वापरला जातो. ऐन मजबूत, पण वाळताना तडकतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून चौकटीला कुणी सुचवलं तर मी तरी नाही म्हणेन.

लाकूड ओलं असेल तर पुढचं सगळं वाया. बसवल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ते आकसतं, सांधे उघडतात आणि चौकटीभोवती प्लास्टरला बारीक भेग जाते. ओलावा साधारण बारा ते पंधरा टक्क्यांच्या आत हवा. ओलावामापक यंत्र नसलं तरी ताळा घेता येतो. उरलेला लहान तुकडा वजन करावा, भट्टीत सव्वाशे अंशांखाली, शंभराच्या आसपास, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला, तर ओलावा पंधरा टक्के.

आता औषध. क्रम चुकला तर तेही निरुपयोगी ठरतं. कापणं, सांधे, बिजागऱ्यांच्या खाचा हे सगळं आधी उरकावं, कारण औषध लावल्यावर कापलं की आतलं उघडं लाकूड पुन्हा बिनसंरक्षणाचं होतं. मग पायांची टोकं डब्यात तीन-चार इंच तेली वाळवीनाशकात रात्रभर उभी ठेवावीत, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं मिश्रण स्वस्त आणि चांगलं असतं, पण पाण्याने धुऊन निघतं. म्हणून ओल्या पायासाठी ते एकटं पुरत नाही. पूर्ण वाळल्यावर टोकांना आणि भिंतीकडच्या बाजूला प्रायमर किंवा डांबराचा हात द्यावा. हीच बाजू नेहमी विसरली जाते, कारण बसवल्यावर ती दिसत नाही. पाय फरशीत गाडू नये. ग्रॅनाइटच्या तुकड्यावर उभा करावा आणि फट सिलिकॉनने बंद करावी. न्हाणीघराला तर लाकडी चौकटीचा हट्टच सोडावा, तिथे ग्रॅनाइट बरं.

नंतर पाहायचं काय, तर मातीच्या बोगद्यासारख्या रेघा. भिंत आणि चौकट यांच्या सांध्यातून त्या वर चढतात. नुसतं पिठासारखं बारीक चूर्ण पडत असेल तर ती वाळवी नव्हे, भुंगेरा आहे. त्याचा उपाय वेगळा. मातीच्या रेघा झाडून टाकून किंवा रॉकेल शिंपडून समाधान मानणारे फसतात, कारण वारूळ जमिनीत शाबूत असतं. कीटकनाशकवाल्याकडून भिंतीलगत फरशीला साधारण फुटाफुटावर बारीक भोकं पाडून औषध जमिनीत मुरवून घ्यावं लागतं. त्याआधी नळाची किंवा मोरीची गळती बंद करावी. आणि पाय पोकळ झालाच असेल, तर अख्खी चौकट काढायची गरज नसते. सुतार निरोगी लाकूड लागेपर्यंत खालचा फूटभर भाग तिरका कापतो आणि औषध मुरवलेला तेवढाच नवा तुकडा सांध्याने बसवतो.