हिऱ्याची पहिली अंगठी घेताना

मागच्या पंधरवड्यात आपल्या परिसरातल्या एका गटातल्या ताईंनी मला फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. मुलाचा साखरपुडा ठरला आहे, होणाऱ्या सुनेला हिऱ्याची अंगठी घालायची आहे. गटातून चाळीस हजार उचलायचे, वरचे घरातले घालायचे, असा हिशोब. सराफाने अंदाजपत्रक लिहून दिलं होतं. त्यावर होतं, "१८ कॅरट, ०.३० कॅरट, व्हीव्हीएस-ईएफ, एकूण ५८,७१० रुपये." ताईंनी विचारलं, "एकाच अंगठीला दोन-दोन कॅरट कसे? आणि ते पुढचं इंग्रजी काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी शहरातल्या सराफी पेढीत बरीच वर्षं हिऱ्यांच्या काउंटरवर बसले आहे. हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात असतो, पण तोंडावर येत नाही. म्हणून आज हाच कागद आपण ओळीने वाचूया.

सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोनं, १८ कॅरट म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोनं, बाकी तांबं-चांदीसारखे धातू. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा १८ किंवा १४ कॅरटमध्ये करतात, कारण २२ कॅरटचं सोनं मऊ असतं, त्याची नखं वाकली की हिरा निखळतो. हिऱ्याचा कॅरट म्हणजे मात्र निव्वळ वजन. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. एका कॅरटचे शंभर सेंट होतात, त्यामुळे ०.३० कॅरटला दुकानात 'तीस सेंट' म्हणतात. तीस सेंट म्हणजे साठ मिलिग्रॅम, तांदळाच्या तीनेक दाण्यांएवढं वजन.

आता फोटो पाहिला तर अंगठीत एक हिरा नव्हताच, सात हिऱ्यांचं फूल होतं. मध्ये एक, भोवती सहा, इतके चिकटून बसवलेले की लांबून एकच मोठा हिरा वाटावा. असली बसवण दिसते छान, त्यात वाईट काही नाही. पण मग ते तीस सेंट सातांचे मिळून झाले, एकेक हिरा जेमतेम चार-साडेचार सेंटचा. आणि हिऱ्याचा भाव सोन्यासारखा सरळ वाढत नाही. सोनं एक ग्रॅम घ्या की दहा ग्रॅम, ग्रॅमचा भाव तोच. हिरा जितका मोठा, तितका त्याचा दर कॅरटचा भावच वर जातो, कारण मोठा खडा कमी सापडतो. म्हणून सात लहानग्यांचे तीस सेंट हे एका तीस सेंटच्या हिऱ्यापेक्षा बरेच स्वस्त पडायला हवेत. ताईंच्या कागदावर हिऱ्यांचे २५,००० लावले होते. त्याला ०.३० ने भागलं की कॅरटला ८३ हजारांच्या वर भाव पडतो. हा दर कॅरटचा भाव काढून दुसऱ्या पेढीत तशाच सात खड्यांच्या अंगठीचा भाव विचारा, म्हणजे तुलना होते. नुसतं "तुमची अंगठी केवढ्याला?" विचारून काही कळत नाही.

वजनाची आणखी एक गंमत. तीस, पन्नास, शंभर सेंट असे टप्पे आले की भाव उडी मारतो. अठ्ठावीस सेंटचा आणि तीस सेंटचा हिरा शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही, भावाला दिसतो. एकच खडा घ्यायचा असेल तर टप्प्याच्या किंचित खालचा मागा.

ताईंच्या कागदावर वजन होतं, रंग होता, स्वच्छता होती, पण पैलूंबद्दल अक्षर नव्हतं. माझ्या मते तीच पहिल्यांदा बघायची गोष्ट. आकार गोल आहे की चौकोनी, याला पैलूंचा दर्जा म्हणत नाहीत. दर्जा म्हणजे पैलू कोणत्या कोनात, किती खोल पाडले ते. गोल हिऱ्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू असतात. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आला पाहिजे, तेव्हा हिरा चमकतो. खडा फार खोल ठेवला तर उजेड बाजूने निसटतो आणि मधोमध काळपट दिसतो. फार उथळ ठेवला तर मध्ये काचेसारखा निर्जीव दिसतो. खोल का ठेवतात? कारण वजन वाचतं, आणि विक्री वजनावर होते. चांगल्या पैलूंचा तीस सेंटचा गोल हिरा वरून साधारण ४.३ मिलिमीटर भरतो. तेच वजन पोटात साठवलेला हिरा चारच्या आसपास भरतो, म्हणजे पैसे तीस सेंटचे आणि दिसायला पंचवीसचा.

हे कसं ओळखायचं? दुकानातले छतातले बारके दिवे कुठल्याही खड्याला चमकवतात, काचेलासुद्धा. अंगठी हातात घेऊन दाराशी या, उन्हात नाही, सावलीत. बोट हळूहळू हलवा. मधला भाग जिवंत राहतो का पाहा. शेजारी दुसरी अंगठी धरली तर फरक पटकन कळतो. प्रमाणपत्रावर गोल हिऱ्याच्या पैलूंचा दर्जा लिहिलेला असतो. एक्सलंट सर्वांत वर, मग व्हेरी गुड, मग गुड. पहिल्या दोनांतला घ्या.

रंग आणि स्वच्छता, इथे मात्र पैसे वाचवायला जागा आहे. रंगाची अक्षरं डी पासून झेडपर्यंत. डी म्हणजे पाण्यासारखा बिनरंगी, पुढे जावं तशी पिवळट झाक वाढते. कागदावरचं 'ईएफ' म्हणजे ई किंवा एफ, अगदी वरचा दर्जा. पण अंगठी पिवळ्या सोन्याची आहे! सोन्याचाच पिवळा रंग हिऱ्यात उतरतो, तिथे जी, एच किंवा आय रंगाचा हिराही पांढराच दिसतो. स्वच्छता म्हणजे हिऱ्याच्या आतले ठिपके, रेषा, धुरकट डाग. ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तपासतात. व्हीव्हीएस म्हणजे भिंगातूनही तज्ज्ञाला मुश्किलीने दिसणारे. त्याच्या खाली व्हीएस, मग एसआय, मग आय. व्हीएसमधला डाग नुसत्या डोळ्याला दिसत नाही, एसआयमधलाही पुष्कळदा दिसत नाही. चार-साडेचार सेंटच्या खड्यात तर विचारूच नका. एक मात्र पाहा, कडेपर्यंत आलेली चीर नको, तिथून हिरा टवका जाऊन फुटू शकतो.

आता व्हीव्हीएस-ईएफ हे लिहिलं कोणी? ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "दुकानाचं गॅरंटी कार्ड आहे ना." ते दुकानाचं वचन झालं, प्रमाणपत्र नव्हे. ज्याचा माल त्यानेच दिलेला दर्जा. प्रमाणपत्र वेगळ्या प्रयोगशाळेचं असतं. अमेरिकेतली जीआयए आणि आयजीआय या त्यातल्या ओळखीच्या, मुंबईत दोघींचंही काम चालतं. कागदावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की तीच माहिती पडद्यावर यायला हवी. हे पैसे देण्याआधी, दुकानातच, आपल्या फोनवर करा. एकच हिरा असेल तर तोच क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. भिंगातून दाखवा म्हणा, चांगला सराफ खळखळ करत नाही.

शक्य तर एकट्या हिऱ्याचं प्रमाणपत्र तो अंगठीत बसवण्याआधी केलेलं मागा. बसवलेल्या हिऱ्याचं खरं वजन घेता येत नाही, खालून बघता येत नाही. म्हणून तयार दागिन्याच्या कागदावर अंदाजच असतो, रंगसुद्धा 'ई ते एफ' असा दोन अक्षरांत येतो. सात खड्यांच्या फुलाला तेवढंच मिळेल, ते चालेल.

त्याच कागदावर सुरुवातीच्या ओळींत हिरा खाणीतला की लॅब ग्रोन, हे लिहिलेलं असतं. लॅब ग्रोन म्हणजे कारखान्यात वाढवलेला. सुरतेत आज असे हिरे भरपूर तयार होतात. तो खोटा नाही, खाणीतल्या हिऱ्यासारखाच कार्बनचा, तितकाच कठीण. डोळ्याने, भिंगाने आणि दुकानातल्या साध्या टेस्टर पेनानेही दोन्ही सारखेच लागतात, फरक प्रयोगशाळेतल्या यंत्रालाच कळतो. पण भाव खाणीतल्याच्या कितीतरी खाली, आणि गेल्या काही वर्षांत तो आणखी उतरलाय. हौसेसाठी जरूर घ्या, पण त्याच्याच भावाने. अमेरिकन डायमंड ही मात्र निराळी वस्तू, ती हिरा नाहीच.

सोन्याचा हॉलमार्क हिऱ्याबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. अंगठीच्या आतल्या बाजूला ७५० आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. त्याने सोनं खरं असल्याचं कळतं, तेवढंच.

आता ताईंच्या ५८,७१० ची फोड करू. सोनं तीन ग्रॅम, १८ कॅरटचा भाव कागदावर ग्रॅमला ९,०००, म्हणजे २७,०००. मजुरी ५,०००. हिरे २५,०००. झाले ५७,०००, त्यावर तीन टक्के जीएसटी १,७१०. पूर्ण अंगठीचं वजन काट्यावर ३.०६ ग्रॅम भरेल, त्यातले ०.०६ हिऱ्यांचे. सोन्याचा भाव ३ ग्रॅमलाच लागला पाहिजे. खडे जास्त असले की हा फरक खिशाला जाणवतो, म्हणून बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या.

अडीनडीला हीच अंगठी बँकेत तारण ठेवली तर मूल्यांकन करणारा खड्यांचं वजन वजा करून फक्त सोनं धरतो. म्हणजे हिशोबात आले २७ हजार, आणि त्याच्याही ठरलेल्या टक्क्यांइतकंच कर्ज. वरच्या ३१,७१० ची तिथे दखल नाही. मोडायला नेली तर सोन्याचे पैसे कुठलाही सराफ देईल, हिऱ्याचे बहुधा जिथून घेतली ती पेढीच देईल, तेही तिच्या अटीने. किती टक्के परत, रोख की फक्त बदल्यात दुसरा दागिना, हे बिलावरच लिहून मागा. तोंडी सांगितलेलं पाच वर्षांनी कोणाला आठवत नाही.

ताईंनी परवा परत फोन केला होता. दुसऱ्या पेढीत त्यांना एकाच खड्याची अंगठी दाखवली, अठ्ठावीस सेंट, एच रंग, व्हीएस, पैलू व्हेरी गुड, प्रमाणपत्र जागेवर. हिरा खाणीतलाच, क्रमांक सुनेने फोनवर तपासला. परतीची अट लिहून द्यायला मालक तयार आहेत का, ते कळायचं होतं. तोवर त्यांनी गटाच्या पैशांना हात लावलेला नाही.