आधी कार्डाची थकबाकी की आधी अडीनडीची पुंजी?

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर भारतातल्या बँका साधारणपणे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. बचत खात्यात तीच रक्कम वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपासच मिळवते. त्यामुळे थकबाकी तशीच ठेवून खात्यात पैसे साठवणे हा उघड तोट्याचा व्यवहार आहे. पण खाते रिकामे करून सगळी थकबाकी फेडली आणि आठवड्याने कोणी आजारी पडले, तर पुन्हा कार्डच पुढे करावे लागते.

एका घराचा हिशोब मांडून पाहू. थकबाकी ८०,००० रुपये, व्याज महिना साडेतीन टक्के, खात्यात ६०,००० रुपये. घरभाडे, किराणा, वीज, शाळेची फी असा टाळता न येणारा खर्च महिन्याला २५,०००. तो भागवून १२,००० रुपये उरतात. खात्यातल्या पैशांना हात न लावता दरमहा हे १२,००० कार्डावर भरले, तर थकबाकी आठव्या महिन्यात संपते आणि करासह व्याज जाते सुमारे १५,५००. सगळे ६०,००० आजच भरले, तर दुसऱ्याच महिन्यात सुटका होते, व्याज जेमतेम १,२००. मधला मार्ग असा: एका महिन्याचा खर्च, म्हणजे २५,०००, राखून ३५,००० भरायचे. मग पाचव्या महिन्यात कार्ड मोकळे होते आणि व्याज पडते सुमारे ४,९००.

म्हणजे हाताशी २५,००० असण्याची किंमत साधारण ३,७०० रुपये. बहुतेक घरांनी ती मोजावी. नोकरी पक्की असेल, आरोग्यविमा असेल, तर राखीव रक्कम याहून कमी चालेल. कमाई अनियमित असेल, तर दोन महिन्यांचा खर्च राखणे बरे. तीन ते सहा महिन्यांची पुंजी मात्र कार्ड फिटल्यावरच उभारावी.

फेडलेल्या रकमेइतकी मर्यादा कार्डावर पुन्हा मोकळी होते, मग वेगळी पुंजी कशाला, असे अनेकांना वाटते. पण बँक ही मर्यादा कमी करू शकते, आणि कार्डावरून रोख काढली तर शुल्क पडून व्याजही त्याच दिवसापासून सुरू होते.

फेड चालू असताना ते कार्ड वापरू नये. मागील बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-भाजीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. ती बहुधा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि तिचा मोठा भाग व्याजातच जातो. दरमहा पैसे भरूनही थकबाकीचा आकडा जवळपास जागचा हलत नसेल, तर हेच घडत आहे असे समजावे. अशा वेळी बँकेकडून थकबाकीचे हप्ते बांधून घेता येतात. त्यांचा दर सहसा कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. मात्र प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार आधी विचारून घ्यावा.