एकच बॅच नंबर, हजारो डबे

समजा, एखाद्या परदेशी कंपनीच्या व्हे प्रोटीनचा 2.27 किलोचा, म्हणजे पाच पौंडांचा डबा कंपनीच्या संकेतस्थळावर सात हजारांना आहे आणि जिमशेजारच्या दुकानात तोच पावणेपाच हजारांना मिळतोय. दुकानदार डबा उलटा करून तळाचा बॅच नंबर दाखवतो आणि म्हणतो, “कंपनीला फोन करून विचारा, नंबर ओरिजिनल आहे.” विचारलं तर कंपनीही कदाचित सांगेल की हो, ही बॅच आमचीच. तरीही आतली पावडर बनावट असू शकते.

बॅच नंबर एका डब्याचा नसतो. एका वेळी तयार झालेल्या सगळ्या मालावर तोच छापतात, त्यामुळे हजारो डब्यांवर एकच नंबर असतो. परीक्षेत प्रश्नपत्रिकेचा संच अनेकांना सारखाच येतो, बैठक क्रमांक मात्र ज्याचा त्याचा असतो. बॅच नंबर हा तो संच. बनावट माल करणारा एक खरा डबा विकत घेतो, त्यावरचा नंबर उतरवतो आणि शेकडो डब्यांवर छापतो.

म्हणून हा नंबर निरुपयोगी ठरत नाही, त्याला प्रश्न मात्र नेमका विचारावा लागतो. या बॅचमध्ये कोणता फ्लेवर, किती वजनाचा डबा आणि कोणती एक्स्पायरी होती, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. चॉकलेटच्या डब्यावर व्हॅनिलाचा बॅच नंबर निघाला, तर तिथेच थांबायचं. छपाईही निरखून पाहा. लेबल आधी छापून येतं, बॅच आणि तारीख सहसा डबा भरताना यंत्रानं उमटवतात. त्यामुळे ती छपाई लेबलापेक्षा वेगळी, बरेचदा ठिपक्याठिपक्यांची दिसते. तारखेभोवती पुसल्याचा डाग किंवा आधीच्या आकड्यांची पुसट खूण दिसली, तर मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख चढवल्याची शंका घ्यावी.

बैठक क्रमांकाचं काम करतो तो स्क्रॅच कोड. अनेक कंपन्या झाकणावर किंवा लेबलवर खरवडायची पट्टी देतात. तिच्याखालचा कोड प्रत्येक डब्याला वेगळा असतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा एसएमएसने तपासता येतो. इथे दोन गोष्टी जपायच्या. क्यूआर स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बनावट क्यूआर बनावट पानावरच नेतो आणि ते पान प्रत्येक कोडला ‘खरा’ म्हणतं. कंपनीचा पत्ता स्वतः टाईप करून तिथे कोड टाका. दुसरं म्हणजे उत्तर नीट वाचा. ‘हा कोड आधी तपासला गेला आहे’ असं आलं, तर तो कोड दुसऱ्या डब्यावरून उचललेला असू शकतो. पट्टी आधीच खरवडलेली असेल, तर तो डबा घेऊच नये.

आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचं स्टिकर असावं लागतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक foscos.fssai.gov.in वर टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते कळतं. तिथलं नाव आणि स्टिकरवरचं नाव एकच हवं. मग कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातला अधिकृत आयातदार म्हणून तेच नाव आहे का, तेही पाहा. स्टिकरच नसलेला माल ‘दुबईहून थेट आलाय’ म्हणून विकला जातो. त्याची तक्रार करायची झाली, तर भारतात जबाबदार धरायला आयातदारच सापडत नाही.

आता सील. बाहेर झाकणाभोवती प्लास्टिकची घट्ट पट्टी असते आणि झाकणाखाली डब्याच्या तोंडाला चिकटलेली ॲल्युमिनियमची चकती. कारखान्यात ही चकती विद्युतचुंबकीय उष्णतेनं चिकटवतात, त्यामुळे ती कडेनं सगळीकडे सारखी धरते. कुठे डिंकासारखा थर, कुठे सुरकुत्या, कुठे करपल्याचा डाग किंवा एका बाजूनं अलगद सुटणारी कड दिसली, तर सील नंतर लावलेलं असू शकतं. पण सील लावायची छोटी यंत्रं बाजारात सहज मिळतात. म्हणून खराब सील धोक्याची खूण मानावी, चांगलं सील मात्र खरेपणाचा पुरावा मानू नये.

घरगुती चाचण्यांचं तर फारच थोडं ऐकावं. पाण्यात गुठळ्या होणं, फेस येणं, डबा वरपर्यंत भरलेला नसणं यावरून काही ठरत नाही. पावडर वाहतुकीत खाली बसतेच. उकळत्या पाण्यात व्हे गोळा होतं, पण त्यात निम्मी स्वस्त पावडर मिसळली असेल, तरी थोडंफार गोळा होणारच.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीलाही मर्यादा आहे. त्यात नायट्रोजन मोजून प्रथिनांचा हिशेब काढतात, त्यामुळे ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की आकडा फुगतो. शिवाय डबा खरा असला म्हणून माल चांगलाच असतो असंही नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन सप्लिमेंट तपासल्या, तेव्हा जवळपास 70 टक्क्यांच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली.

म्हणूनच सगळ्यात जास्त वजन विक्रेत्याला द्यावं. ऑनलाइन घेताना संकेतस्थळ मोठं आहे, एवढ्यावर जाऊ नका. त्या पानावर ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा आणि कंपनीच्या अधिकृत यादीत ते शोधा. घरी डबा उघडताना बाहेरच्या पॅकिंगपासून व्हिडिओ काढून ठेवा. दुकानात जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. पैसे देण्याआधीच विचारा, “कोड इथेच खरवडतो, चुकीचा निघाला तर डबा परत घ्याल ना?” ज्याच्याकडे माल थेट वितरकाकडून येतो, त्याला या प्रश्नाची अडचण वाटायचं कारण नाही. आणि अधिकृत किमतीपेक्षा सव्वादोन हजारांनी स्वस्त का, याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही, तर तो डबा तिथेच राहू द्यावा.

फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून मालाची तपासणी करून घेता येते, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. दोष सापडला, तर शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे.

एक काम मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. बनावट मालाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो रिकामा, अस्सल डबा. त्याचं लेबल खरं, बॅच खरी, स्टिकरही खरं. पावडर संपली की लेबल फाडा, कोड खरवडून टाका, डब्याला आणि झाकणाला भोक पाडा, आणि मगच तो भंगारात द्या.