खुर्ची उचलणार कोण?
(ज्येष्ठांचं घर : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण न्हाणीघरातले आधारदांडे पाहिले. आज चाकाची खुर्ची आणि वॉकर. दुकानात गेल्यावर आपण पेशंटचा विचार करतो आणि ते योग्यच आहे, पण खुर्चीचं वजन पेलायचं असतं ते दुसऱ्याच माणसाला. ती गाडीत कोण चढवणार, हे घरातून निघण्याआधी ठरवा.

माझ्या मावशीचं उदाहरण घेते. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती घरात वॉकर धरून चालते, पण दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात दमते. म्हणजे खुर्ची फक्त बाहेरसाठी हवी, आणि ती ढकलणार काका. काकांचं वय ७६, कंबर दुखरी. गाडी सीएनजीची, त्यामुळे डिकीत टाकीने अर्धी जागा खाल्लेली.

दुकानदाराने आधी दाखवली ती नेहमीची स्टीलची खुर्ची. मागे २४ इंची मोठी चाकं, वजन साधारण १८ किलो. मोठी चाकं बसलेल्या माणसाने स्वतः हाताने फिरवावीत म्हणून असतात. मावशी ती फिरवणारच नव्हती, मग तेवढं धूड काकांनी का उचलायचं? मागे १२ इंची चाकं असलेली ॲल्युमिनियमची ट्रान्झिट खुर्ची १० किलोच्या आसपास मिळाली. तिची अडचणही सांगायला हवी. लहान चाक खड्ड्यात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतं. रोज रस्त्यावरून न्यायचं असेल तर मोठ्या चाकांची ॲल्युमिनियमची खुर्ची बरी. ती बहुधा १२ ते १५ किलोंची असते.

छापील वजनावर विसंबू नका. काही वेळा ते पायठेवणी काढून मोजलेलं असतं. दुकानात वजनकाटा मागा, घडी घातलेली खुर्ची हातात घेऊन त्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. हलक्या खुर्चीचा एक धोकाही लक्षात असू द्या: मुठींना जड पिशवी अडकवली आणि माणूस उठला, की खुर्ची मागे कलंडते.

आता घडी. बहुतेक खुर्च्यांच्या बैठकीखाली कात्रीसारखी फुली असते. बैठकीचं कापड मधून वर ओढलं की दोन्ही बाजू जवळ येतात. उघडताना बाजूच्या नळ्या तळहाताने खाली दाबायच्या, बोटं आतल्या बाजूला ठेवून. बोटं नळीखाली गेली तर चेंगरतात. एवढ्या घडीने रुंदी कमी होते, पण उंची तशीच राहते. आमच्या डिकीत खुर्ची अडत होती ती उंचीला. म्हणून पाठही मधून मोडणारी खुर्ची घेतली. ती पुढच्या सीटच्या मागे उभी मावते. हे कळलं ते खुर्ची दुकानाबाहेर आणून काकांनाच गाडीत ठेवायला आणि काढायला लावली म्हणून. दोनतीनदा केल्यावर त्यांची कंबर बोलली नाही, तेव्हा पैसे दिले.

उघडलेली खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही चाकं टेकतात का बघा. माणूस बसवून ब्रेक लावा आणि ढकला. चाक सरकलं तर ब्रेक सैल आहे. हवेच्या टायरची हवा उतरली तरी ब्रेकची पकड जाते.

वॉकर साधारण दोन-तीन किलोंचा असतो, पण बिनचाकी वॉकर पावलागणिक उचलावा लागतो, त्यामुळे अर्ध्या किलोचा फरकही हाताला जाणवतो. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. घडी उघडल्यावर दोन्ही बाजूंना खटका बसल्याचा आवाज ऐका. शिवाय बाथरूमचं दार मोजून जा. जुन्या फ्लॅटमध्ये वॉकर तिथेच अडतो.

दुकानदार निवडताना मी गॅरंटीचं कार्ड नंतर बघते. आधी विचारते, ‘या मॉडेलचं पुढचं चाक आत्ता तुमच्याकडे आहे का? दाखवा.’ सगळ्यात आधी बिघडतं ते हेच. केस आणि दोरे त्याच्या आसात गुंडाळले जातात, चाक जड फिरतं, खुर्ची एका बाजूला ओढते. मोठ्या चाकाची ट्यूब सायकलवाला बदलून देतो. पुढचं चाक, ब्रेक आणि बैठकीचं कापड मात्र त्याच मॉडेलचं लागतं. ‘मागवून देऊ’ म्हणाले तर किती दिवसांत, आणि तोवर बदली खुर्ची देणार का, हेही विचारा. बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या, नुसतं ‘व्हीलचेअर १ नग’ नको. वॉकरच्या पायांची रबरी बुचं त्याच वेळी जास्तीची घ्या. तळाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली, की ओल्या फरशीवर वॉकर घसरतो.

ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पहिला महिना खुर्ची भाड्याने आणा. महिन्याभरात चालणं किती सुधारतं ते दिसतं, आणि कोणती खुर्ची घ्यायची, की फक्त वॉकरवर भागेल, हे तेव्हा नीट ठरवता येतं.