गुलाबी न झालेला तुकडा

सोसायटीच्या सभेत दुरुस्ती फंडाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘रंग काढू तेव्हा बघू’ आणि ‘रिडेव्हलपमेंटच होणार आहे, मग कशाला पैसे घालवायचे?’ डोंबिवलीतल्या एका सोसायटीत या दोन वाक्यांवर सहा वर्षं निघाली. चाळीस फ्लॅट, चार मजले, वय तीस वर्षांच्या वर. दर मे महिन्यात जिथे पापुद्रा निघाला असेल तिथे सिमेंट थापायचं आणि पावसाळा काढायचा, असं चाललं होतं. यंदा विशेष सर्वसाधारण सभेत अध्यक्षबाईंनी ठराव मंजूर करून घेतला. त्यांनी तो कसा पटवला, हे बऱ्याच सोसायट्यांच्या उपयोगाचं आहे.

भाषण सुरू करण्याआधी त्यांनी टेबलावर काँक्रीटचे दोन तुकडे ठेवले. एक जिन्यालगतच्या कोरड्या कॉलमचा, दुसरा मागच्या बाजूला न्हाण्यांच्या रांगेखाली असलेल्या बीमचा. सल्लागार अभियंत्याने दोन्ही सगळ्यांसमोर फोडले आणि ताज्या फुटलेल्या बाजूंवर एक रंगहीन द्रव फवारला. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लारी ओळखायला वापरतात तेच फिनॉल्फ्थॅलीन. पहिला तुकडा बाहेरची कडा सोडून गर्द गुलाबी झाला. दुसरा करडाच राहिला, सळईचा गंजका ठसा होता त्याच्याही आतपर्यंत.

“सळईला गंज का चढतो, ते आता सांगते,” अध्यक्षबाई म्हणाल्या. चांगलं काँक्रीट आम्लारीधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, तसा हा आम्लारीपणा बाहेरून आत संपत जातो. ही सीमा सळईपर्यंत पोचली आणि सोबतीला न्हाणीची गळती असली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटला आतून रेटा बसून सळईच्या रेषेत तडा जातो. तड्यातून आणखी पाणी आणि हवा जाते, गंज वाढतो आणि शेवटी काँक्रीटचा वरचा थर सुटून पडतो. त्यावर नुसतं सिमेंट थापलं तर तडा झाकला जातो, आतला गंज थांबत नाही. दर मे महिन्यात आपण हेच करत आलो, असं त्यांनी सरळ सांगितलं.

मग रकमा आल्या. सहा वर्षांपूर्वीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये चार बीम दुरुस्तीला धरले होते आणि खर्च 26 लाख सांगितला होता. आताच्या अहवालात अकरा बीम आणि तीन कॉलम आहेत, खर्च 48 लाख. महागाई आहेच, पण मुख्य वाढ कामाच्या मापातली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मधलं एक ऑडिट झालंच नव्हतं, म्हणून ही वाढ एकदम अंगावर आली.

असंच काहीसं अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावी घडलं होतं. तिथल्या शँप्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीबद्दल 2018 मध्ये अभियंत्याने इशारा दिला होता. एप्रिल 2021 मध्ये सभासद मंडळाच्या अध्यक्षांनी रहिवाशांना पत्र लिहून नुकसान वाढल्याचं आणि खर्च दीड कोटी डॉलरवर गेल्याचं समजावलं. 24 जून 2021 ला इमारतीचा मोठा भाग कोसळला, 98 माणसं गेली. दुरुस्ती वेळेत झाली असती तर ती वाचली असती, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण तपासात मूळ रचनेतलेही दोष पुढे आले. अध्यक्षबाईंनी या घटनेचा उल्लेखही केला नाही. मला ते बरं वाटलं. घाबरवलेला सभासद हात वर करतो, पण हप्ता भरताना त्याची भीती ओसरलेली असते.

“एवढी वर्षं दुरुस्ती फंड भरतोय, तो गेला कुठे?” मागून एका काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उपविधींप्रमाणे हा फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का असतो, आणि तो खर्च मूळचा, जमिनीची किंमत वगळून. ज्या फ्लॅटचं बांधकाम तेव्हा 1 लाख 20 हजारांत झालं, त्याचा किमान दर आजही वर्षाला 900 रुपये, म्हणजे महिन्याला 75. त्यातूनच दरवर्षीची डागडुजी झाली. सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो, पण इथे कुणी तो वाढवला नव्हता. सिंकिंग फंड धरून शिल्लक होती 10 लाख 60 हजार.

उरलेली रक्कम मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी, आणि ती क्षेत्रफळावर. 48 लाखांवर पाच लाख राखीव धरले, कारण खरं नुकसान प्लास्टर तोडल्यावरच कळतं. एकूण 53 लाखांतून शिल्लक वजा केली की 42 लाख 40 हजार राहतात. सगळ्या घरांचं मिळून क्षेत्रफळ 21,200 चौरस फूट, म्हणजे फुटाला 200 रुपये. 450 फुटांच्या घराला 90 हजार, 650 फुटांच्या घराला 1 लाख 30 हजार, आणि तेही वीस हप्त्यांत. लहान घराला महिन्याला साडेचार हजार, मोठ्याला साडेसहा.

भाषणातला सगळ्यात हुशार भाग रिडेव्हलपमेंटवाल्यांसाठी होता. बाईंनी त्यांना विरोध केलाच नाही. एक्कावन्न टक्के संमती, निविदा, करार, परवानग्या आणि घरं रिकामी करणं, याला काही वर्षं लागणार, तोवर याच स्लॅबखाली झोपायचं आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी यादी पुढे केली. बाहेरचा रंग, कंपाउंडच्या लाद्या आणि गेट त्यातून कापलेलं होतं. उरले होते फक्त बीम, कॉलम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गळकी ड्रेनेज लाइन. लाइन आधी, बीम नंतर, कारण पाणी चालू ठेवून बीम दुरुस्त करण्यात अर्थ नाही. या यादीनंतर रिडेव्हलपमेंटच्या बाजूचे निम्मे लोक गप्प झाले.

तळमजल्यावरच्या दुकानदाराने गच्चीच्या खर्चाशी आपला काय संबंध, असं विचारलंच. कॉलम वरचा भार तुमच्या दुकानातूनच खाली नेतात, असं उत्तर अभियंत्याने दिलं. त्याचं समाधान झालं असं दिसलं नाही. पेन्शनवर राहणाऱ्या एका आजींचा प्रश्न मात्र अध्यक्षबाईंनाही सोडवता आला नाही. हप्ते तीसपर्यंत लांबवले तर ठेकेदाराची बिलं थांबतात, आणि कुणा एकाला सूट दिली तर उद्या दहा जण मागतात. शेवटी आजींच्या मुलाने हमी घेतली.

ठरावात बाईंनी तीन गोष्टी लिहून घेतल्या. पैसे वेगळ्या बँक खात्यात राहतील. ठेकेदाराचं बिल जागेवर टेप लावून, दोन सभासदांच्या सहीनिशी प्रत्यक्ष मापावर निघेल, आणि बीमवर नवा थर चढवण्याआधी गंज घासून उघडी केलेली सळई सल्लागाराने पाहिल्याशिवाय त्या भागाचं बिल मंजूर होणार नाही. राखीव पाच लाख संपले तर कमिटीला परस्पर खर्च करता येणार नाही, पुन्हा सभेपुढेच यावं लागेल. दुकानदाराने विरोधात हात वर केला, आणखी चौघांनीही. बाकीच्यांनी ठराव मंजूर केला, आणि पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात लागला.