सहा महिन्यांनंतरच्या हळदीचा आजचा भाव

फॉरवर्ड करारात मालाचा ताबा आणि पैसे पुढच्या तारखेला द्यायचे असतात, भाव मात्र आजच ठरतो. हा भाव म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. आज माल घेऊन त्या तारखेपर्यंत सांभाळायला जो खर्च येतो, त्यावर हा भाव ठरतो.

सांगलीच्या बाजारात हळदीचा हजर भाव क्विंटलला १२,००० रुपये आहे असे धरू. कर्जाचा दर वर्षाला १० टक्के, म्हणजे सहा महिन्यांचे व्याज ६०० रुपये. गोदामभाडे आणि विमा मिळून महिन्याला ४० रुपये, शेवटी एकदम द्यायचे, म्हणजे २४० रुपये. तेव्हा सहा महिन्यांनंतरच्या हळदीचा रास्त भाव १२,८४० रुपये.

कोणी १३,२०० रुपयांना करार करायला तयार असेल, तर व्यापारी कर्ज काढून आज हळद घेईल, गोदामात ठेवेल आणि करारात विकेल. क्विंटलमागे ३६० रुपये पक्के सुटतात, भाव पुढे कुठेही जावो. असे व्यापारी पुढे आले की हजर भाव चढतो, कराराचा भाव उतरतो आणि फट बुजते.

शेअरला गोदाम लागत नाही. उलट तो हातात असेपर्यंत लाभांश देतो. हा लाभांश करार घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणून तो भावातून वजा होतो. शेअर १,००० रुपयांचा, मुदत तीन महिने, व्याजदर ८ टक्के असेल तर व्याज २० रुपये. महिन्याभराने ३० रुपये लाभांश येणार असेल, तर उरलेल्या दोन महिन्यांच्या व्याजासह तो ३०.४० रुपये होतो. कराराचा भाव येतो ९८९.६० रुपये. आजच्या भावापेक्षा तो कमी दिसतो, पण शेअर पडणार असे त्यातून मुळीच सुचवले जात नाही.

हा हिशेब सगळीकडे सारखा घट्ट बसत नाही. हळदीचा करार १२,५०० रुपयांना मिळू लागला, तर ज्याच्याकडे साठा आहे तोच आज हळद विकून करारात स्वस्तात परत घेऊ शकतो. त्यालाही गिऱ्हाइकांसाठी माल हाताशी हवा असेल तर तो विकणार नाही. म्हणून टंचाईच्या दिवसांत कराराचा भाव रास्त भावाच्या खाली राहू शकतो.

साठवायला जागाच नसेल तर हिशेब दुसऱ्या बाजूने कोलमडतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कुशिंग येथील तेलाच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच आरक्षित झाली होती. मे महिन्याच्या करारात तिथेच तेलाचा ताबा घ्यावा लागणार होता. पुढच्या महिन्यांचे भाव बरेच वर असूनही स्वस्त तेल घेऊन ठेवणे बहुतेकांना शक्य नव्हते. २० एप्रिलला हा करार पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला.